अंगावर पित्त आणि मनावर ताण

अंगावर पित्त उठलं की आपल्या घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : काल काय खाल्लं होतंस? मग वांगं बंद होतं, शेंगदाणे बंद होतात, तुरीच्या डाळीऐवजी मुगाची डाळ शिजू लागते. कुणीतरी आमसुलं भिजत घालतं आणि ते पाणी गांधींवर लावलं जातं. दोन-चार तासांत गांधी उतरतात, श्रेय आमसुलाला किंवा पथ्याला मिळतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कमरेपाशी पुन्हा कंड सुटते आणि ताटातून आणखी एक पदार्थ जातो.

कधीतरी एखाद्या वेळी उठणाऱ्या पित्ताबाबत हा शोध योग्यच आहे. कोळंबी खाल्ल्यावर तासाभरात अंग फुललं, किंवा नवी गोळी सुरू केली आणि त्याच दिवशी गांधी आल्या, तर कारण समोर दिसतं. पण रोज किंवा दिवसाआड, सहा आठवड्यांहून जास्त काळ उठत राहणारं पित्त हे वेगळं प्रकरण आहे. डॉक्टर त्याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात. त्यात ताटातला गुन्हेगार बहुतेकदा सापडत नाही, कारण तो तिथे नसतोच. पोटातल्या आम्लपित्ताशीही त्याचा संबंध नसतो, त्यामुळे ॲसिडिटीची गोळी घेऊन ते थांबत नाही.

असं पित्त असणाऱ्यांना एक गोष्ट मात्र कुणी न सांगता लक्षात आलेली असते. मुलाची बारावी, मार्चअखेरचे हिशेब, घरातलं आजारपण अशा दिवसांत त्रास वाढतो. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून निघणारे दोन निष्कर्ष चुकीचे आहेत. एक म्हणजे ‘हे सगळं मनाचंच आहे’, आणि दुसरा म्हणजे ‘ताण गेला की आजार जाईल’. आजार त्वचेतच असतो. रेडिओ आधीच चालू असावा आणि कुणीतरी आवाजाचं बटण फिरवावं, तसं चिंतेचं काम चालतं. ती गाणं सुरू करत नाही, पण ते असह्य करून ठेवते. म्हणून उपचारही दोन बाजूंनी करावे लागतात, आणि त्यांतली एक बाजू बऱ्याच प्रमाणात आपल्या हातात असते.

गांध उठते तेव्हा

आपल्या त्वचेत, बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंची टोकं यांना लागून, मास्ट नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात रसायनांचे बारीक कण भरलेले असतात. त्यांतलं मुख्य रसायन म्हणजे हिस्टामिन. काही कारणाने या पेशी चाळवल्या की कण बाहेर सांडतात. हिस्टामिनमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात आणि झिरपू लागतात. त्यांतला पाण्यासारखा अंश बाहेर येऊन त्वचेत साठतो, ती फुगलेली गांध. भोवतालची लाली रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांची असते, आणि खाज येते ती मज्जातंतूंची टोकं डिवचली गेल्यामुळे.

साठलेला द्रव काही तासांत शोषला जातो. म्हणून खऱ्या पित्ताची गांध एका जागी चोवीस तासांच्या आत विरते आणि मागे डाग ठेवत नाही. ती मांडीवरून गेली की पाठीवर दुसरी उठते, त्यामुळे ‘आठवडाभर पित्त आहे’ असं वाटतं, पण प्रत्येक गांध वेगळी असते. हे घरी तपासता येतं. एका गांधेभोवती पेनाने रेघ काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. रेघेच्या आतली त्वचा साफ असेल तर ते पित्त. गांध तिथेच असेल, खाजेऐवजी आग किंवा दुखणं असेल, किंवा मागे जखमेसारखा काळपट-जांभळट डाग उरला असेल, तर रक्तवाहिन्यांना सूज आलेली असू शकते. त्यासाठी त्वचेचा तुकडा तपासावा लागतो.

दीर्घकाळच्या पित्तात मास्ट पेशी चाळवतं कोण? बऱ्याच रुग्णांमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती. ती आपल्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते आणि ती प्रतिपिंडं मास्ट पेशींना चेतवतात. अशा रुग्णांमध्ये थायरॉइडचे विकारही इतरांपेक्षा जास्त आढळतात, तेही याच जातीचे असल्यामुळे. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार साधारण दुपटीने होतो. एवढं कळलं तरी शेंगदाण्यावरचा निम्मा संशय फिटावा.

चिंता त्वचेत कशी उतरते

जर्मनीतल्या गीसन शहरात संशोधकांनी ‘खाज म्हणजे काय’ या विषयावर एक जाहीर व्याख्यान ठेवलं होतं. व्याख्यानाच्या एका भागात पिसवा, खरजेचे किडे, खाजवणाऱ्या माणसांची चित्रं दाखवली गेली. दुसऱ्या भागात लहान मुलं आणि मऊ त्वचेची निवांत चित्रं होती. कॅमेरे श्रोत्यांवर रोखलेले होते. पहिल्या भागात श्रोत्यांचं खाजवणं वाढलं. त्यांच्या अंगावर काहीच पडलेलं नव्हतं, फक्त लक्ष खाजेकडे वळलं होतं. हे वाचताना तुमचा हात मानेकडे गेला असेल, तर प्रयोग पुन्हा सिद्ध झाला म्हणायचं.

खाजेत लक्षाचा वाटा मोठा असतो. चिंतेत माणूस स्वतःच्या शरीरावर पहारा ठेवतो. छातीत काय होतंय, पोटात काय होतंय, गांध उठतेय का, असं सारखं चाचपत राहतो. जी सुरसुर एरवी कामाच्या ओघात जाणवलीही नसती, ती अशा वेळी खाज होऊन समोर येते.

पण गोष्ट लक्ष देण्यावर संपत नाही. मास्ट पेशींना खेटून असलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून ताणाच्या वेळी ‘सबस्टन्स पी’सारखी रसायनं सुटतात आणि ती मास्ट पेशींना चेतवू शकतात. मेंदू ताणाच्या प्रसंगी जे पहिलं संप्रेरक सोडतो, ते ओळखणारी यंत्रणा मास्ट पेशींवरही असते. म्हणजे आधीच काठावर आलेल्या पेशींना ताणाचा एक धक्का पुरतो. काही थोड्या लोकांमध्ये तर हा संबंध थेट दिसतो. घाम, व्यायाम, गरम पाणी किंवा अचानक आलेली घबराट यांबरोबर अंगावर टाचणीच्या टोकाएवढ्या असंख्य बारीक गांधी उठतात आणि तासाभरात जातात. तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या मुलाच्या छातीवर अशी पुरळ दिसली तर ते ढोंग नसतं. त्याला कोलिनर्जिक अर्टिकेरिया असं नाव आहे.

हा रस्ता दुहेरी आहे. दीर्घकाळ पित्त असलेल्यांपैकी साधारण तीनात एकाला चिंता, नैराश्य किंवा झोपेचा विकार असल्याचं पाहण्यांतून दिसलं आहे. रात्रीची झोप मोडते, दुसऱ्या दिवशी चिडचिड होते, आज ओठ सुजले तर, उद्याच्या मीटिंगमध्ये मानेवर चट्टे आले तर, अशी धास्ती बसते, आणि त्या धास्तीवर पुढची संध्याकाळ उगवते. आधी काय आलं, चिंता की पित्त, हे शोधण्यात फारसं हाती लागत नाही. फेरा कुठे तोडता येईल, हे पाहिलेलं बरं.

तो तोडायला सोपी जागा म्हणजे संध्याकाळ. दिवस मावळताना शरीरातलं कॉर्टिसोल हे दाह शमवणारं संप्रेरक कमी होत जातं. झोपेच्या तयारीत त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, ती ऊबदार होते आणि तिच्यातला ओलावाही जास्त उडतो. ऊब खाजेला पोषकच. भरीला कामाचा गलबला थांबलेला असतो, त्यामुळे लक्ष मोकळं होतं आणि नेमकं खाजेवर जाऊन बसतं. दिवसा बरं असणारं माणूस रात्री साडेनऊला हैराण होतं, त्यामागे हे सगळं असतं.

दोन आकड्यांची वही

दवाखान्यात समोर बसल्यावर ‘खूप आहे’, ‘मध्ये बरं होतं’ यापलीकडे काही सांगता येत नाही, आणि ज्या दिवशी अपॉइंटमेंट असते त्या दिवशी अंग हमखास स्वच्छ असतं. त्यावर त्वचारोगतज्ज्ञ जगभर एक साधी मोजणी वापरतात. दिवसातून एकदा, शक्यतो ठरावीक वेळी, मागच्या चोवीस तासांसाठी दोन आकडे लिहायचे. गांधी : एकही नाही तर 0, वीसपेक्षा कमी तर 1, वीस ते पन्नास तर 2, पन्नासच्या वर तर 3. खाज : नाही तर 0, जाणवते पण त्रास नाही तर 1, त्रास होतो पण काम-झोप चालते तर 2, काम किंवा झोप मोडते तर 3. दोन्हींची बेरीज रोज 0 ते 6 येते आणि आठवड्याची 0 ते 42. आठवड्याला 6 पर्यंत म्हणजे आजार ताब्यात, 7 ते 15 सौम्य, 16 ते 27 मध्यम आणि 28 पासून पुढे तीव्र.

अनेक रुग्णांत जे दिसतं ते जोडून एक नमुना घेऊ. ठाण्यात राहणारी, बँकेत नोकरी करणारी, पस्तिशीच्या आसपासची एक बाई. जानेवारीपासून पित्त. वांगं, शेंगदाणे, तूरडाळ, मासे बंद केलेले. अंग फुललं की एक सेट्रिझिन, नाही फुललं तर नाही. वहीचा पहिला आठवडा असा : सोमवार 3, मंगळवार 4, बुधवार 4, गुरुवार 5, शुक्रवार 5, शनिवार 2, रविवार 2. बेरीज 25, म्हणजे मध्यम.

आकड्यांच्या शेजारी तिने दोन शब्दांत दिवस लिहिला आहे, आणि खरी माहिती तिथे आहे. आठवडाभर जेवण तेच होतं, तरी आकडा चढला. शुक्रवारी ऑडिटची तारीख होती, आणि बुधवारपासून ती अर्धवट झोपलेली. गुरुवारी कंबर दुखली म्हणून डायक्लोफिनॅकची गोळी घेतली होती. दीर्घकाळच्या पित्तात साधारण चौघांतल्या एकाला ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गटातल्या वेदनाशामकांनी त्रास वाढतो. गांधींची जागाही तिने टिपली आहे : नाड्याची रेघ, ब्राचा पट्टा, डाव्या खांद्यावर जिथे लॅपटॉपची बॅग असते तिथे. घट्ट पट्टे आणि वजन यांचा दाब पडलेल्या जागी गांधी लगेच येऊ शकतात किंवा काही तासांनीही. सकाळच्या लोकलमधल्या बॅगेची गांध दुपारी उठली, तर दोष डब्याला जातो.

म्हणजे पहिल्याच आठवड्यात संशयितांची यादी बदलली. ताटातले चार पदार्थ सुटले, आणि जागरण, वेदनाशामक गोळी आणि बॅगेचा पट्टा आत आले. पहिल्या यादीसारखी ही उपासमार करणारी नाही, आणि तिच्यावर काम करता येतं.

या टप्प्यावर बरेच जण दुसरीकडे वळतात आणि शंभर-दोनशे पदार्थांची ॲलर्जी एकाच रक्ताच्या नमुन्यात सांगणाऱ्या तपासणीवर काही हजार रुपये घालवतात. दीर्घकाळच्या पित्तात ती उपयोगाची नाही. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं दिसली, म्हणजे त्या पदार्थाने गांधी येतात असं होत नाही. अशा अहवालाने माणूस भातसुद्धा सोडतो आणि पित्त तसंच राहतं. सुरुवातीला रक्तपेशींची साधी मोजणी आणि ईएसआर किंवा सीआरपी ही दाह दाखवणारी तपासणी पुरते. तज्ज्ञ त्यात गरजेनुसार थायरॉइडची प्रतिपिंडं आणि एकूण आयजीई यांची भर घालतात.

गोळी : उठल्यावर की आधी?

हिस्टामिन पेशीतून बाहेर पडून त्याच्या जागेवर जाऊन बसतं तेव्हा गांध उठते. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफिनाडिन, बिलास्टिन या गोळ्या त्या जागा अडवून ठेवतात. जागा आधीच अडलेल्या असतील तर हिस्टामिनला शिरकाव मिळत नाही. गांध उठून गेल्यावर घेतलेली गोळी मात्र उशिरा पोचते. म्हणून दीर्घकाळच्या पित्तात गोळी रोज, ठरल्या वेळी घ्यायची असते, अंग स्वच्छ असलं तरी. ‘रोज गोळी नको, सवय लागेल’ ही भीती निराधार आहे. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. अंग फुललं तरच गोळी घेण्याच्या पद्धतीत मनावरचा ताणही वाढतो, कारण दिवसभर पहारा द्यावा लागतो.

एका गोळीने दोन ते चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने चौपटीपर्यंत वाढवू शकतात. हा निर्णय त्यांचा, विशेषतः गरोदरपणात आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर. त्यानेही भागलं नाही तर दर चार आठवड्यांनी घ्यायचं ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन आहे. ते महाग आहे, पण बऱ्याच हट्टी रुग्णांत काम करतं.

दोन गोष्टी टाळण्यासारख्या आहेत. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्या गुंगी आणतात, पण त्यांच्या झोपेने विश्रांती नीट मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवणं धोक्याचं ठरतं. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी जादूसारखी काम करते आणि बंद केली की पित्त पुन्हा उसळतं. अगदी बिकट प्रसंगी काही दिवस ती दिली जाते. महिनोन् महिने घेतली तर साखर, रक्तदाब आणि हाडं यांची किंमत मोजावी लागते.

संध्याकाळचा क्रम

आता हातातली बाजू. पुढचा क्रम गोळीच्या जागी नाही, जोडीला आहे. घरी आल्यापासून झोपेपर्यंत तो बसवायचा.

घरी आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे कपडे बदलणं. घट्ट इलॅस्टिक, जीन्स, कृत्रिम धाग्याचे कपडे उतरवून सैल सुती घालायचे. मग दहा मिनिटांच्या आत आटोपणारी कोमट पाण्याची अंघोळ. कढत पाणी अंगावर पडलं की खाज क्षणभर मरते आणि सुख वाटतं, पण त्वचा तापते, कोरडी पडते आणि अर्ध्या तासात कंड दुपटीने परत येते. वज्री, घासणी, खसखसून चोळणं नको. अंग टिपून कोरडं करायचं आणि ओलसर असतानाच सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर लावायचं. मुळात कोरड्या त्वचेला, आणि ज्यांना इसबही आहे त्यांना, याचा गुण जास्त येतो.

गांध उठलीच तर गार पाण्यात भिजवून पिळलेला सुती पंचा दहा मिनिटं ठेवावा. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि खाजेचा संदेश मंदावतो. आमसुलाच्या पाण्याने बरं वाटतं, त्यात या गारव्याचा हात असतोच. ते लावायला हरकत नाही, पण खाजवून सोललेल्या त्वचेवर ते झोंबतं. कॅलामाइन लोशनही चालतं. बर्फ थेट त्वचेवर नको. आणि ज्यांना गार पाण्याने किंवा गार वाऱ्यानेच गांधी उठतात, त्यांनी हा उपाय मुळीच करू नये. त्यांचा आजार वेगळा आहे, आणि थंड पाण्यात पोहायला उतरणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

नंतर चिंतेला तिची वेळ द्यायची. रात्री अंथरुणावर येणारे विचार संध्याकाळीच कागदावर उतरवायचे. सातच्या सुमाराला पंधरा मिनिटं, टेबलाशी बसून. काय डोक्यात आहे, त्यातलं उद्या काय करता येईल, आणि कशावर आपला काहीच इलाज नाही. वेळ संपली की वही बंद. रात्री तोच विचार परत आला तर त्याला उद्या सातची वेळ द्यायची. चिंता दाबायची नाही, फक्त तिची जागा बदलायची. मानसोपचारात ही पद्धत अनेक वर्षं वापरात आहे आणि काही आठवड्यांच्या सरावानंतर बसते.

झोपण्यापूर्वी पाच ते दहा मिनिटं सावकाश श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. बाहेर सोडणं लांबलं की नाडी मंदावते आणि शरीराची सज्जता उतरते. अनुलोम-विलोम सवयीचं असेल तर तेही संथपणे चालेल. भस्त्रिका-कपालभातीसारखे जोराचे प्रकार यावेळी नकोत, त्यांनी अंग तापतं. पंखा चालू ठेवावा, पांघरूण हलकं असावं.

शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग म्हणजे हात. खाजवल्याने बरं वाटतं, कारण ओरखड्याची वेदना मज्जारज्जूत खाजेच्या संदेशाला दाबते. पण बऱ्याच लोकांची त्वचा अशी असते की नुसती बोथट रेघ ओढली तरी काही मिनिटांत तिथे लांब गांध उठते. त्यांच्यासाठी प्रत्येक ओरखडा म्हणजे नवी गांध आणि नवी खाज. शिवाय काही दिवसांनी खाज नसतानाही हात जातोच, विचार करताना, फोनवर बोलताना, टीव्हीसमोर.

‘खाजवू नकोस’ असं घरच्यांनी सतत म्हटल्याने हे थांबत नाही, उलट लक्ष खाजेकडेच राहतं आणि अपराधी वाटतं ते वेगळं. स्वीडनमध्ये पेटर नोरेन आणि लार्स मेलिन यांनी 1989 मध्ये इसबाच्या रुग्णांवर एक वेगळी पद्धत तपासली. आधी हात कधी आणि कुठे जातो हे नुसतं मोजायचं. मग हात उठला की दोन्ही मुठी घट्ट आवळून साधारण अर्धा मिनिट धरायच्या. तरी खाज उरली तर ती जागा बोटांनी नुसती दाबून धरायची किंवा हलकं चिमटायचं, नख फिरवायचं नाही. स्टेरॉइडच्या मलमाबरोबर ही सवय लावलेल्यांना नुसतं मलम लावणाऱ्यांपेक्षा जास्त फरक पडला. पित्तात दाबण्याने गांध उठणाऱ्यांनी फक्त मुठीवर थांबावं आणि गार पंचा घ्यावा. नखं कापलेली हवीत, हे सांगायला नको.

आपल्या नमुन्यातल्या बाईकडे परत जाऊ. रोजची गोळी, बॅग पाठीवर दोन्ही पट्ट्यांची, कंबरेसाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, आणि हा संध्याकाळचा क्रम. चौथ्या आठवड्याची बेरीज 10, आठव्या आठवड्याची 5. ऑडिट अजून आहेच, आणि एखाद्या गुरुवारी आकडा 2 वर जातोही. पण ती रात्री झोपते आणि तूरडाळीचं वरण जेवते. एवढाच फरक सगळ्यांना याच वेगाने पडेल असं नाही. दोन महिन्यांत आकडा हलला नाही तर मात्रा वाढवण्याबद्दल बोलायचं, क्रम सोडायचा नाही आणि स्वतःला दोष द्यायचा नाही. चिंता स्वतंत्रपणेच भारी असेल, रोजची कामं अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हा त्वचेच्या उपचाराचाच भाग आहे.

प्रत्येक खाज ताणाची नसते

‘टेन्शनमुळे आहे’ हे उत्तर मिळालं की शोध थांबतो, आणि त्यात कधी कधी साधा आजार निसटतो. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेशी, जननेंद्रियांपाशी बारीक फोड, आणि घरात आणखी कुणाला तरी तशीच खाज, म्हणजे खरूज. तिला श्वासाच्या व्यायामाचा उपयोग नाही. सगळ्या घराने एकाच वेळी मलम लावावं लागतं. जांघेत गोल, कडेला उठावदार चट्टा म्हणजे नायटा. त्यावर दुकानातून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम चोळलं की खाज दबते आणि नायटा पसरतो. पुरळ काहीच नाही आणि तरी आठवडेच्या आठवडे अंगभर खाज, तर लोहाची कमतरता, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड तपासावं लागतं. डोळे पिवळे, वजन उतरतंय, रात्री घाम येतोय, अशी काही जोड असेल तर उशीर नको.

ओठ किंवा पापण्या सुजणं हे पित्तात अनेकदा होतं, दोन-तीन दिवसांत उतरतं, आणि ते डॉक्टरांना सांगायला हवं. पण गांधींबरोबर जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, चक्कर आली, किंवा काही खाल्ल्यावर, डंखानंतर, इंजेक्शननंतर उलट्या सुरू झाल्या, तर तो ताणही नाही आणि साधं पित्तही नाही. तिथे आमसूल, सेट्रिझिन, दीर्घ श्वास यांत वेळ घालवायचा नाही. माणसाला आडवं करा, दम लागत असेल तर बसवा, आणि 108 ला फोन करून जवळच्या रुग्णालयात न्या. मांडीत दिलेलं ॲड्रिनॅलिन हेच त्यावरचं पहिलं औषध आहे.

एरवीच्या, रोज छळणाऱ्या पित्तात मात्र घाई कशाचीच नसते. बहुतेकांचा हा आजार काही वर्षांत आपोआप शमतो, आणि तोवर तो ताब्यात ठेवता येतो. तेव्हा ॲलर्जीच्या महागड्या तपासणीसाठी पैसे मोजण्यापूर्वी आणि ताटातला आणखी एक पदार्थ कमी करण्यापूर्वी, एक आठवडा रोज दोन आकडे लिहा, शेजारी झोप, औषधं आणि दिवस कसा गेला ते टिपा, गांधींचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, आणि ते घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.